घड्याळाच्या काट्याबरोबर फिरणारा हात

सकाळचे सव्वासात. दोन महिन्यांची एक मुलगी गोधडीवर उताणी पडली आहे. चेहरा लालबुंद झालाय, मुठी आवळलेल्या आहेत, पाय क्षणात ताठ होतात आणि क्षणात पोटाशी येतात. ती कुंथते, कण्हते, मग टाहो फोडते. तीन दिवस शी झालेली नाही. आजीने विड्याच्या पानाचा देठ खुडून खोबरेल तेलात बुडवून ठेवलाय. "अहो आई, पाच मिनिटं थांबू या ना," असं सून म्हणते, पण तिचाही धीर सुटत चाललाय. दहा-बारा मिनिटं हा गोंधळ चालतो आणि एकदम आवाज येऊन दुपटं भरतं. आत पाहावं तर पिठल्यासारखी पातळ, पिवळीधमक शी, मध्ये मोहरीएवढे कण. मुलगी दोन मिनिटांत हसायला लागते.

हे दृश्य कुठल्या एका घरातलं नाही, घरोघरचं आहे. "बाळाला बद्धकोष्ठ झालंय" म्हणून जी तान्ही बाळं डॉक्टरांकडे नेली जातात, त्यांतल्या बऱ्याच जणांची गोष्ट नेमकी हीच असते. या मुलीला बद्धकोष्ठ नव्हतंच. बद्धकोष्ठात शी कडक होते. हिची शी मऊ होती, ती बाहेर कशी सोडायची एवढंच हिला अजून जमत नव्हतं.

शी करणं हे मोठ्या माणसाला आपोआप होणारं काम वाटतं, पण त्यात दोन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात. पोटाचे स्नायू आवळून आतून जोर लावायचा आणि त्याच क्षणी गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल सोडायचे. तान्ह्या बाळाला यातली पहिली गोष्ट येते, दुसरी अजून जुळत नाही. ते जोर लावतं आणि खालचं दारही घट्ट आवळून धरतं. मग रडतं. रडताना पोटातला दाब आणखी वाढतो, म्हणजे ते रडणं हाही जोर लावायचाच एक प्रकार असतो. कधीतरी दोन्ही गोष्टी एकदम जुळतात आणि सुटका होते. मुलांच्या पोटविकारांसाठी जगभरचे डॉक्टर जे 'रोम' निकष वापरतात, त्यांच्या 2016 च्या चौथ्या आवृत्तीत या अवस्थेची व्याख्या आहे. बाळ नऊ महिन्यांच्या आतलं, एरवी ठणठणीत, आणि शी होण्यापूर्वी किमान दहा मिनिटं कुंथणं-रडणं. मग शी होवो वा न होवो, पण जेव्हा होते तेव्हा ती मऊ असते. यावर औषध लागत नाही. काही आठवड्यांत बाळाला ते आपोआप जमायला लागतं.

इथेच पानाचा देठ, साबणाची काडी किंवा थर्मामीटरचं टोक आत घालण्याचा उपाय आड येतो. त्याने शी होते, हे खरं आहे. पण बाहेरून टोचणी मिळाल्यावरच दार उघडायचं, अशी सवय शरीराला लागू शकते आणि जे शिकायचं ते शिकणं लांबतं. शिवाय गुदद्वाराची त्वचा अतिशय नाजूक असते. तिला चीर गेली तर पुढच्या वेळी दुखतं, दुखतं म्हणून बाळ आवळून धरतं आणि मग खरोखरीचं बद्धकोष्ठ सुरू होतं. साबणाने आतली त्वचा जळजळते ती वेगळीच. आजीचा हेतू सोन्यासारखा असतो, पण तो देठ तबकात परत ठेवलेला बरा.

मग हाताने काय करता येतं? दोन गोष्टी: बाळाचे पाय सायकलसारखे हलवणं आणि पोटावर हलक्या हाताने मालीश. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही पालकांना हेच दोन उपाय सांगते आणि जोडीला कोमट पाण्याची अंघोळ. त्यामागचं शरीरशास्त्र साधं आहे. उकिडवं बसलं की गुडघे पोटाशी येतात आणि गुदाशयाकडून बाहेर जाणारा मार्ग, जो एरवी दुमडलेला असतो, तो बराचसा सरळ होतो. भारतीय पद्धतीच्या संडासात बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण तान्हं बाळ दिवसभर उताणं पडून असतं. त्याला उकिडवं कोण बसवणार? त्याचे गुडघे हळूच पोटाशी आणले की झोपल्या जागी तीच बैठक त्याला मिळते. मांड्यांचा पोटावर येणारा हलका दाब अडकलेल्या वायूला पुढे सरकवतो. पाय हलत राहिल्याने घट्ट आवळलेली खालची बाजू सैल पडायलाही मदत होते.

हे करायचं कसं, ते नीट पाहू. कारण यात चूक होते ती बहुधा हाताच्या जागेत आणि जोरात.

जागा जमिनीवरची हवी. चटईवर गोधडी, तिच्यावर धुतलेलं दुपटं. पलंगाची कड नको आणि टेबल तर नकोच, कारण तेल लागलेलं बाळ साबणाच्या वडीसारखं हातातून सटकतं. बाळ उताणं, त्याचे पाय आईकडे, डोकं पलीकडे. डायपर सोडून ठेवावा किंवा अगदी सैल करावा. कमरेला घट्ट डायपर बांधून पोट मोकळं करायला जाण्यात अर्थ नाही. आता पाय धरायचे. घोट्याला धरू नये. घोटा धरला की हात नकळत ओढतो आणि ती ओढ थेट खुब्याच्या सांध्यावर जाते. पोटरी तळहातावर घ्यावी, अंगठा गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या बाजूला. पकड इतकीच की बाळाने पाय झटकला तर तो सुटावा.

उजवा गुडघा हळूच वाकवून पोटाकडे न्यायचा. तो बेंबीच्या दिशेने आत दाबायचा नाही. किंचित बाहेरून, बाळाच्या त्याच बाजूच्या काखेच्या रोखाने न्यायचा. तान्ह्या बाळाचे पाय मुळातच बेडकासारखे फाकलेले आणि वाकलेले असतात आणि खुबा त्याच बैठकीत सुरक्षित असतो. उजवा गुडघा खाली यायला लागला की डावा वर. एका पायाला साधारण दोन सेकंद, म्हणजे एक-दोन असं सावकाश म्हणत. दहा-बारा फेऱ्या झाल्या की थांबायचं. मग दोन्ही गुडघे एकत्र पोटाशी आणून चार-पाच सेकंद तिथेच ठेवायचे आणि सोडायचे. हे तीन-चार वेळा. वायू सरण्याचा आवाज बहुधा याच वेळी येतो.

सोडायचे म्हणजे सोडायचेच. पाय ओढून सरळ करायचा नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाचा गुडघा आणि खुबा पूर्ण सरळ होत नाहीत, ते नैसर्गिक आहे. अंघोळ घालणाऱ्या काही बायका दोन्ही पाय जुळवून ताणतात, पाऊल कपाळाला टेकवतात, पायाला धरून बाळाला उलटं लटकवतात. "अंग मोकळं होतं" असं त्यांचं म्हणणं असतं. त्यातलं काहीही पोटासाठी लागत नाही आणि खुब्याला, मानेला इजा होण्याची भीती मात्र असते. अनुभवी हात असले तरी ही एवढी गोष्ट स्पष्ट सांगून टाकावी: "मावशी, तेल लावा, न्हाऊ घाला, पण ओढाताण नको."

जोर जास्त होतोय हे कसं ओळखायचं? बाळाचं बूड गोधडीवरून उचललं जात असेल तर गुडघे गरजेपेक्षा पुढे गेले. गुडघा जिथे स्वतःहून अडतो, तिथेच तो थांबला पाहिजे. एक पाय दुसऱ्याइतका बाहेर फाकत नसेल, वाकवताना दर वेळी 'टक्' असं जाणवत असेल किंवा दोन मांड्यांची लांबी वेगळी दिसत असेल, तर सायकल थांबवून खुबा डॉक्टरांना दाखवावा. पोटासाठी सुरू केलेल्या या हालचालीत कधी कधी खुब्याचा जन्मजात दोष लक्षात येतो. आणखी एक बारीक गोष्ट. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींची इंजेक्शनं मांडीत देतात. त्यानंतर एक-दोन दिवस मांडी दुखरी असते. तेव्हा सायकल नको आणि सुईच्या जागी चोळणं तर मुळीच नको.

पायांनंतर पोट. इथे हात फिरवण्याआधी आतला रस्ता माहीत हवा.

मोठं आतडं बाळाच्या उजव्या जांघेच्या वर सुरू होतं. तिथून ते वर जातं, बरगड्यांच्या खाली आडवं वळून पोट ओलांडतं आणि डाव्या बाजूने खाली उतरून गुदाशयाला मिळतं. म्हणजे दाराची उलटी चौकट: उजवीकडून वर, मग आडवं, मग डावीकडून खाली. शी याच दिशेने प्रवास करते, म्हणून हातही याच दिशेने फिरायला हवा. उलटा फिरवला तर आतडं बिघडेल असं नाही, पण ज्यासाठी फिरवायचा तो हेतू फुकट जातो.

गोंधळ होतो तो उजव्या-डाव्याचा. समोर बसलेल्या आईच्या डाव्या हाताला बाळाची उजवी बाजू येते. बाळाला आडवं, मांडीवर किंवा लांब केलेल्या पायांवर घेतलं की दिशा आणखी चुकते. यावर सोपी युक्ती म्हणजे बाळाच्या पोटावर घड्याळ ठेवलंय असं समजायचं. बेंबी हा मध्य, बारा छातीकडे, सहा लंगोटाकडे. काटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने हात फिरवायचा. आई पायाशी बसो, बाजूला बसो की डोक्याशी, वरून पाहताना घड्याळाची दिशा बदलत नाही. उजवं-डावं आठवत बसण्याची गरजच उरत नाही.

हात फिरवण्याची जी पद्धत आज जगभर शिकवली जाते, तिचा एक धागा भारतातूनच गेलेला आहे. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबॉये यांनी कोलकात्यात एका आईला आपल्या तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन मालीश करताना पाहिलं आणि तिच्याच नावाने, 'शांताला', 1976 मध्ये छायाचित्रांचं पुस्तक काढलं. ब्राझीलमध्ये आजही तान्ह्या बाळाच्या मालिशीला 'शांताला' म्हणतात. त्याच दशकात व्हिमला मॅक्लूर या अमेरिकन बाई उत्तर भारतातल्या एका अनाथालयात काम करत असताना मालीश शिकल्या आणि पुढे त्यांनी पालकांना शिकवण्यासाठी तिची नीट मांडणी केली. घरी अंगणात पाय पसरून बसलेल्या आजीच्या हातातलं ज्ञान असं जगभर फिरून पुस्तकांतून परत आपल्याकडे आलंय. येताना त्यात एक भर पडली आहे: कुठे थांबायचं याची.

त्या मांडणीतला पोटाचा भाग तीन रेघांचा आहे. इंग्रजीत त्याला 'आय लव्ह यू' म्हणतात, कारण हात पोटावर आय, उलटा एल आणि उलटा यू अशी अक्षरं काढतो. आपण सरळ तीन रेघा म्हणू. पहिली रेघ फक्त बाळाच्या डाव्या बाजूला, वरून खाली. दुसरी रेघ उजवीकडून डावीकडे आडवी, मग डाव्या बाजूने खाली. तिसरी रेघ पूर्ण रस्त्याची: उजव्या जांघेच्या वरून वर, मग आडवी, मग डावीकडून खाली. प्रत्येक रेघ पाच-सहा वेळा. हा क्रम मुद्दाम असा ठेवलेला आहे. वाहतूक अडली की आधी पुढची गाडी हलवावी लागते, मागच्या गाडीला ढकलून उपयोग नसतो. तसंच शेवटचा उतरता भाग आधी, मग आडवा, मग सगळा.

रेघ कुठून जाते याला फार महत्त्व आहे. तान्ह्या बाळाचं यकृत उजव्या बरगडीच्या खाली एक-दोन सेंटिमीटर बाहेर आलेलं असतं आणि ते बोटाला लागू शकतं. म्हणून बरगडीला चिकटून दाबायचं नाही. आडवी रेघ बेंबीच्या वर साधारण एक-दोन बोटं राहावी, बरगडीपासून दूर. खाली जघनाच्या हाडावर, म्हणजे मूत्राशयावर दाब नको. बेंबीची नाळ अजून पडली नसेल किंवा जागा ओली असेल, तर पोटाला हात लावायचाच नाही, तोवर सायकल पुरे. रडताना बेंबी फुगून बाहेर येत असेल, तर तिला चुकवून बाजूने हात न्यावा. ती नाणं ठेवून, पट्टी बांधून आत दाबायचा खटाटोप करू नये. बहुतेक बाळांची बेंबी वयाबरोबर आपोआप आत जाते. जांघेत किंवा अंडकोशात फुगवटा येत असेल, तर मात्र मालीश बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

दाब किती? पिकलेल्या चिकूवर बोटं ठेवली तर साल किंचित दबते पण फुटत नाही, तेवढा. त्याहून हलका केला तर गुदगुल्या होतात आणि बाळ पोट आवळून घेतं. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, हात एकमेकांवर चोळून कोमट केलेले. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. जोडलेल्या दोन-तीन बोटांचं सपाट पेर वापरायचं. तेल चमचाभर खोबरेल पुरतं, तेही हात सरकण्यापुरतं. मोहरीचं तेल तान्ह्या त्वचेला मानवत नाही, आणि कुठलंही तेल बेंबीत, नाकात, कानात ओतायचं नाही. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावण्याची पद्धत आहे, पण काही बाळांच्या त्वचेवर त्याने लाल चट्टे उठतात. हाताचं काम हिंगाशिवायही होतं.

वेळ निवडावी ती दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावरची. लगेच केलं तर दूध वर येतं. भुकेल्या बाळावर केलं तर ते रडून हात लावू देत नाही. दूध पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करू लागतं, त्यामुळे त्यानंतरचा हा वेळ आतड्याच्याही सोयीचा असतो. सायकल आणि तीन रेघा मिळून सात-आठ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढं पुरे. बाळ तोंड फिरवतं, हातपाय ताठ करतं, रडण्याचा सूर चढतो, तेव्हा तिथेच थांबायचं. उपयोग झाला तर आधी पोट हाताला मऊ लागतं, वायू सरतो, मुठी उघडतात. शी त्याच वेळी होईलच असं नाही. ती तासाभराने होते, संध्याकाळी होते, कधी दुसऱ्या दिवशीही होते.

सव्वासातच्या त्या मुलीकडे परत येऊ. तीन दिवस शी नाही, हा आकडा घरात सगळ्यांना घाबरवतो. पण आईच्या दुधावरच्या बाळाचं गणित वेगळं असतं. पहिल्या महिन्यात ते दिवसातून पाच-सहा वेळा शी करतं. दीड महिन्यानंतर तेच बाळ चार दिवस, आठवडा, क्वचित दहा दिवसही शीविना काढू शकतं, कारण आईचं दूध इतकं पचतं की मागे फारसं काही उरत नाही. ते नीट दूध पितंय, दिवसाला सहा-आठ लंगोट ओले करतंय, वजन वाढतंय, पोट मऊ आहे आणि शेवटी झालेली शी मऊ होती, तर काळजी नाही. पहिल्या महिन्यात मात्र शी कमी होणं हे बऱ्याचदा दूध कमी मिळत असल्याचं लक्षण असतं. तिथे मालीश करत बसू नये. बाळ छातीला नीट लागतंय का ते पाहावं आणि वजन करावं.

खऱ्या बद्धकोष्ठाचं उदाहरण वेगळं दिसतं. सात महिन्यांचा मुलगा आहे असं समजू. उष्टावण झाल्यापासून भाताची पेज, रव्याची खीर आणि केळं. सोबत आईचं दूध कमी करून बाटलीतून गाईचं. शी दोन-तीन दिवसांनी होते ती सुक्या बकरीच्या लेंड्यांसारखी, आणि एकदा वर रक्ताची बारीक रेघ. आई रोज मनापासून तीन रेघा ओढते, वायू सरतो, पण शी तशीच कडक.

इथे हाताची मर्यादा स्पष्ट दिसते. मालीश शीला पुढे सरकवायला मदत करू शकते, तिला मऊ करू शकत नाही. आत जे कोरडं होऊन बसलंय ते हाताने ओलं होत नाही. शिवाय या मालिशीवर झालेले अभ्यास लहान आणि थोडे आहेत, त्यामुळे तिच्याकडून फार अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही. या मुलाचा इलाज ताटलीत आणि बाटलीत आहे. गाईचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून द्यायचं नाही. ते मागे घेऊन आईचं दूध वाढवायचं, नाहीतर वयाप्रमाणे पावडरचं दूध. रवा आणि केळं काही दिवस कमी करून पिकलेली पपई, शिजवून घोटलेलं नासपती, भिजवून कुस्करलेले मनुके, मऊ वरणात घोटलेली भाजी. जेवणाबरोबर वाटीतून थोडं थोडं उकळून गार केलेलं पाणी. तरीही आठवड्याभरात फरक पडला नाही, किंवा रक्त परत दिसलं, तर डॉक्टर शी मऊ करणारं औषध वजनाप्रमाणे मोजून देतात. ते मोठ्यांच्या डब्यातलं चूर्ण घेऊन घरी ठरवायचं नाही. सायकल आणि मालीश या सगळ्याच्या जोडीला चालू ठेवता येतात.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नको, घुटीही नको. पावडरचं दूध घेणाऱ्या बाळाची शी कडक होत असेल, तर आधी डब्यावरचं प्रमाण वाचावं. "पोट भरावं" म्हणून एक चमचा जास्त घातला, किंवा चमचा सपाट न करता शीग लावून भरला, तर दूध दाट होतं आणि शी घट्ट. आणि मध? वर्षाच्या आत बोटावर चाटवायलाही नाही, घुटी उगाळतानाही नाही. मधातल्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठ हेच असतं. मागोमाग रडण्याचा आवाज बारीक होतो, चोखणं सैल पडतं, मान टाकते. शी होत नाही म्हणून मधाची घुटी चाटवणं हा म्हणूनच फार धोक्याचा उलटा मार्ग आहे.

पोटावर हात न ठेवता बाळाला उचलून थेट रुग्णालय गाठावं अशाही काही वेळा आहेत. उलटी हिरवी होत असेल, तर ती पित्ताची असते आणि आतडं अडल्याची खूण असते. पोट ढोलकीसारखं ताणलेलं, हात लावू देत नाही असं. ताप, सुस्ती, दूध सोडलेलं. किंवा बाळ दर थोड्या वेळाने पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मधल्या वेळात पांढरं पडून गप्प होतं आणि शीमध्ये रक्तमिश्रित लालसर शेंब दिसतो. यात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असू शकतो. सहा-आठ महिन्यांच्या धडधाकट बाळातही हे अचानक होतं आणि "पोट दुखतंय, जरा चोळ" म्हणून घालवलेला प्रत्येक तास महागात पडतो.

आणि एक आजार असा आहे की जो बद्धकोष्ठाच्या नावाखाली महिनोन्‌महिने लपून राहतो. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये बर्लिनच्या एका सभेत त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव मिळालं. यात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी जन्मतःच नसतात. तो भाग सैल पडतच नाही, आणि त्याच्या मागे शी साठत, पोट फुगत जातं. साधारण पाच हजार बाळांत एकाला हा दोष असतो. याला कितीही सायकल चालवली तरी उपयोग नाही, कारण जे दार उघडायचं त्याला उघडण्याची सूचनाच पोहोचत नाही. शस्त्रक्रिया करून तो भाग काढावा लागतो आणि त्यानंतर ही मुलं बहुतेक चांगली वाढतात.

म्हणूनच बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन गेलेल्या आईला अनुभवी डॉक्टर आधी आजची शी विचारत नाहीत, पहिली विचारतात. जन्मानंतरची ती काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट शी किती तासांनी झाली? पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना ती चोवीस तासांत होते. अठ्ठेचाळीस तास उलटून गेले असतील, तर तपास त्या दिशेने वळतो. बाळंतपणाच्या धावपळीत हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पण प्रसूतिगृहातून घरी येताना जे कार्ड मिळतं, त्यावर बऱ्याचदा ती नोंद असते. नसेल तर बाळाजवळ त्या दोन रात्री जागलेल्या आजीला विचारावं. पहिलं दुपटं तिनेच धुतलेलं असतं.